मदत हवी आहे: ग्रेसमध्ये प्रीमियम भरूनही पॉलिसी लॅप्स, रिव्हायव्हल फॉर्म भरायचा का?

बाबांची एन्डोमेंट पॉलिसी आहे, सहामाही हप्ता. ड्यू डेट होती १० मार्च, तेव्हा राहिला आणि मग मी ७ एप्रिलला यूपीआयने ११,८४० भरले, अकाउंटमधून लगेच कटले. पण पावती आलीच नाही आणि आता कंपनीचं पत्र आलंय की हप्ता न मिळाल्याने पॉलिसी लॅप्स. एजंट म्हणतोय व्याजासकट परत भरा, सोबत तब्येत चांगली असल्याचं डिक्लरेशन द्या, दोन दिवसात चालू करून देतो. बाबांना मध्यंतरी शुगर निघालीय त्यामुळे त्या फॉर्मवर सही घ्यायची भीती वाटतेय. काय करू?

रानवारा: ग्रेस १५ दिवसांचा असतो, तुमचा उलटून गेला ना. रिव्हायव्हलशिवाय पर्याय नाही.

जुनाखातेदार: १५ दिवस फक्त मासिक हप्त्याला. तिमाही, सहामाही, वार्षिकला ३०, म्हणजे यांची मुदत ९ एप्रिलपर्यंत होती. आधी स्टेटमेंट नीट बघा, ७ तारखेनंतर तेवढीच रक्कम परत जमा झालीय का? झाली असेल तर पैसे कंपनीला पोचलेच नाहीत आणि मग रिव्हायव्हलच करावं लागेल, त्यात शुगर लिहावीच लागेल, लपवू नका. परत आली नसेल तर मात्र तो फॉर्म भरू नका, कारण रिव्हायव्हल झालं की विमा कायद्याच्या कलम ४५ ची तीन वर्षं नव्याने मोजली जातात, म्हणजे खोटी माहिती दिली असं म्हणून क्लेम अडवायची मुभा कंपनीला परत मिळते.

सोनचाफा: माझ्या मेडिक्लेमचं पण असंच झालेलं, ब्रेक पडला आणि वेटिंग पीरियड परत सुरू झाला.

जुनाखातेदार: मेडिक्लेमचे नियम वेगळे. इथे कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाका, एजंटला नको. मजकूर साधा ठेवा: "पॉलिसी क्र. ..., देय तारीख १० मार्च, ग्रेस ९ एप्रिलपर्यंत. ७ एप्रिलला ११,८४० भरले, यूटीआर क्र. .... रक्कम परत आलेली नाही. हप्ता त्याच तारखेने जमा धरून लॅप्सची नोंद रद्द करावी, हा रिव्हायव्हलचा अर्ज नाही." सोबत बँकेचं स्टेटमेंट जोडा, नुसता अ‍ॅपचा स्क्रीनशॉट मानत नाहीत. तक्रार नंबर घ्या. उत्तर नाही आलं तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, आणि महिन्याभरात काहीच नाही झालं तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे.

धागाकर्ता: स्टेटमेंट काढलं, पैसे परत आलेले नाहीत. पण भरलेले दुसऱ्या पेमेंट अ‍ॅपवरून, त्यात अजून 'पेंडिंग' दिसतंय. मग पैसे नक्की कुणाकडे अडकलेत?

जुनाखातेदार: अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार टाकून कंपनीच्या खात्यात कधी जमा झाले ते लेखी मागा. ९ एप्रिलनंतरची तारीख निघाली तर कंपनी वाद घालेल, तेव्हा तुम्ही ग्राहक म्हणून ७ लाच भरले यावर ठाम राहा. लोकपाल काय धरतील ते आत्ता सांगता येत नाही.

रानवारा: पुढचा हप्ता सप्टेंबरला येईल, तोवर हे मिटलं नाही तर?

धागाकर्ता: हो तेच टेन्शन आहे. मेल आज टाकतोय. कुणाचं पेंडिंगमध्ये असं अडकलेलं सुटलंय का, कसं ते प्लीज लिहा.