मूळ कागद न पाहता नक्कल वापरली, तर संदर्भ कोणाचा द्यावा?

नवाभ्यासक: माझ्या प्रबंधात मी अठराव्या शतकातील एका पत्राचा आधार घेतला आहे. मूळ पत्र अभिलेखागारात आहे, पण मी वाचली ती दुसऱ्या अभ्यासकाने केलेली टंकलिखित नक्कल. तळटीपेत अभिलेखागार, गठ्ठा आणि फोलिओ क्रमांक दिला आणि नक्कल करणाऱ्यांचे नाव ऋणनिर्देशात घेतले, तर पुरेसे होईल असे मला वाटते. कोणाचे मत वेगळे आहे का?

दप्तरदार: माझे मत अगदी वेगळे आहे. जे डोळ्यांखालून गेले त्याचाच संदर्भ द्यावा. काही वर्षांपूर्वी एका छापील लेखात 'फोलिओ ८७' असा उल्लेख पाहून मी गठ्ठा मागवला, तर त्यात सगळी मिळून ६१ पाने होती. म्हणजे तो फोलिओ नसून पृष्ठांक असणार, हे तिथेच कळले. एका पानाला दोन पृष्ठे धरली तर ८७ हे चव्वेचाळिसाव्या पानाची पुढची बाजू येते. तिथे मात्र वेगळेच पत्र निघाले. ८७ हा शाईतला जुना पृष्ठांक होता. नंतर पेन्सिलने पाने मोजणाऱ्याने सुरुवातीची दोन कोरी पानेही धरली होती, त्यामुळे पत्र सापडले ते पान ४६ वर. एवढ्यात दिवस गेला.

खरा धक्का पुढे होता. त्या लेखकाने वापरलेली नक्कल मायक्रोफिल्मवरून केलेली होती आणि फिल्ममध्ये शिवणीकडची दोन-तीन अक्षरे दिसतच नव्हती. ती अंदाजाने भरली होती, पण चौकटी कंस घातले नव्हते. तेच वाचन आणखी दोन लेखकांनी मूळ कागदाच्या क्रमांकासह दिले होते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटे की तीन जणांनी स्वतंत्रपणे कागद पाहिला. प्रत्यक्षात एकाचीच चूक तीनदा छापली गेली होती. नक्कल कोणाची आणि कशावरून केलेली, हे एका तळटीपेत जरी असते, तरी ते लगेच ध्यानात आले असते.

सरळरेघ: दप्तरदारांचा अनुभव मान्य आहे, पण त्यावरून नियम काढू नये. पृष्ठांकाला फोलिओ म्हणणे ही निष्काळजीपणाची चूक आहे. नक्कल करणाऱ्याचे नाव असते म्हणून ती टळली नसती. शिवाय खाजगी टंकलिखित वाचकाला कुठेच पाहायला मिळणार नसेल, तर तळटीप लांबवून काय साधते? वाचकाला जायचे आहे ते मूळ कागदाकडे.

दप्तरदार: क्रमांकाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे; ती चूक नावाने टळली नसती. मूळ कागद अक्षर-अक्षर ताडून पाहिला असेल, तर फक्त मूळ कागद नोंदवावा, हेही मी मानतो. पण इथे तो पाहिलेलाच नाही. मी टीप अशी लिहीन: "गठ्ठा १४, पान ४६, पुढची बाजू (पेन्सिलचा क्रमांक, जुना शाईचा पृष्ठांक ८७). अमुक यांनी मायक्रोफिल्मवरून केलेली टंकलिखित नक्कल, पृ. ३, मूळ कागद पाहिलेला नाही." नक्कल कोणाकडे आहे तेही लिहावे आणि शक्य असल्यास तिची एक प्रत अभिलेखागारातच ठेवायला द्यावी.

प्रतिमावाचक: आता अनेक गठ्ठ्यांची छायाचित्रे संगणकावर असतात. प्रतिमेचा क्रमांक दिला की पानाचा वाद उरत नाही.

दप्तरदार: प्रतिमेचा क्रमांक जरूर द्यावा, पण जोडीला. पहिली प्रतिमा बहुधा बांधणीच्या पुठ्ठ्याची किंवा रंगपट्टीची असते, त्यामुळे प्रतिमा ५० म्हणजे पान ५० नव्हे. शिवाय गठ्ठ्याची छायाचित्रे पुन्हा घेतली गेली की जुने क्रमांक निरुपयोगी होतात.

घरची पेटी: आमच्या घरी आजोबांची पत्रे आहेत आणि आत्याने ती वहीत उतरवून ठेवली आहेत. पत्रांवर क्रमांकच नाहीत. ते शाईने घातले तर चालतील का?

दप्तरदार: शाई अजिबात नको. पत्रे ज्या क्रमाने ठेवलेली आहेत त्याच क्रमाने आधी छायाचित्रे घ्या, मग मऊ पेन्सिलने प्रत्येक पानाच्या पुढच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात हलक्या हाताने क्रमांक घाला आणि तेच क्रमांक आत्यांच्या वहीत लिहा. वहीवर त्यांचे नाव आणि उतरवल्याचे वर्षही असू द्या.

नवाभ्यासक: टीप त्याप्रमाणे बदलतो. अडचण एवढीच, की माझ्याकडच्या टंकलिखितावर शेवटी फक्त दोन आद्याक्षरे आहेत. ती कोणाची असावीत याचा मला अंदाज आहे.

दप्तरदार: अंदाज आला तरी तळटीपेत आद्याक्षरेच द्या. नाव सिद्ध करता आले, तर पुरावा सांगून ते वेगळे लिहा.

सरळरेघ: दोन अनोळखी अक्षरे छापून पुढच्या अभ्यासकाच्या हाती काय लागते, हे मला अजूनही पटलेले नाही. मी तिथे 'नक्कल करणारा अज्ञात' एवढेच लिहीन.

दप्तरदार: त्याच हाताच्या दुसऱ्या नकला कुठे निघाल्या, तर त्या अक्षरांवरूनच जुळतील. 'अज्ञात' लिहिले तर तो दुवाही राहत नाही.