मदत हवी आहे: नावं काढलेले केसपेपर मॉडेलच्या ट्रेनिंगला द्यायचे का?

केसपेपर: नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमचा हाडांचा दवाखाना आहे. दीर डॉक्टर आहेत, नोंदी मी सांभाळते. ज्यांचं सॉफ्टवेअर वापरतो, त्या कंपनीला मराठी केसपेपरचा सारांश लिहिणारं मॉडेल तयार करायचंय आणि त्यासाठी आमच्या जुन्या नोंदी हव्यात. नाव काढणार, मोबाइल नंबर हॅश करणार, म्हणजे सूत्राने त्याची न कळणारी अक्षरं करणार, म्हणून पेशंटची परवानगी लागत नाही, असं ते म्हणतात. आमच्याकडे "उपचारास माझी संमती आहे" या ओळीखाली सही असते. ती पुरेल का? त्यांनी पाठवलेल्या नमुन्यातली एक ओळ, तपशील बदलून देते:

"पु., 47, (गावाचं नाव), साखर कारखान्यात बॉयलरवर, डावा खांदा निखळला, मुलगी आशा सेविका."

वाचताक्षणी मला माणूस कळला. मग नाव काढून साधलं काय?

रानवारा: घाबरू नका. नाव-नंबर नसला की तो वैयक्तिक डेटाच राहत नाही. शिवाय 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अजून पुरता सुरू झालेला नाही. देऊन टाका.

कोर्टकचेरी: रानवारा, निम्मं बरोबर आहे तुमचं. माणूस ओळखता येतच नसेल तर कायदा लागत नाही. पण कसोटी "नाव आहे का" ही नाही, "त्या माहितीवरून माणूस ओळखता येतो का" ही आहे, आणि ताईंनी तो ओळखला. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. संमतीची मुख्य कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात, हेही खरं. पण पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचं डॉक्टरांवरचं बंधन आजही आहेच.

सहीबद्दल: कलम 6 नुसार संमती ठरावीक कामापुरती असते आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. कायद्यातच एक उदाहरण आहे. टेलिमेडिसिन ॲपने उपचारासोबत फोनमधले कॉन्टॅक्टही मागितले आणि बाईंनी दोन्हीला हो म्हटलं, तरी ती संमती उपचारापुरतीच धरायची. तुमची सही खांदा बसवायला आहे, दुसऱ्याचं मॉडेल घडवायला नाही.

सांगलीकर: आमच्या आईचे रिपोर्ट लॅबमधून बाहेर गेले, विमा एजंटचे फोन सुरू झाले. तक्रार कुठे करायची?

कोर्टकचेरी: सांगलीकर, तो परस्पर माहिती दिल्याचा प्रकार, इथला प्रश्न वेगळा आहे. आधी लॅबला लेखी विचारा की माहिती कोणाला दिली. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

आकडेमोड: हॅशवर मुळीच विसंबू नका. मोबाइल नंबर 10 आकडी आणि सुरुवात 6 ते 9 ने, म्हणजे सगळे मिळून 400 कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साध्या संगणकालाही काही तास पुरतात. गुप्त किल्ली मिसळून हॅश केला तर बाहेरच्याला ते जमत नाही, पण किल्ली ज्याच्याकडे, त्याला सगळं उघडं.

बाकी फाइल एक्सेलमध्ये स्वतः तपासा. B मध्ये गाव, C मध्ये वय, D मध्ये लिंग असेल तर शेजारच्या रकान्यात दुसऱ्या ओळीत हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2)
```

जिथे 1 येईल, तिथे तो पेशंट त्या यादीत एकटाच आहे. गावाऐवजी तालुका आणि वयाऐवजी दहा-दहा वर्षांचे गट केले की हे 1 बरेच कमी होतात. पण बॉयलर आणि आशा सेविका मजकुरात आहेत, आणि त्याला असं सूत्र नाही. तो माणसानेच वाचून गाळावा लागतो. गाळता गाळता मजकूर इतका पातळ होतो की कंपनीच्या कामाचा उरत नाही.

रानवारा: पण मॉडेल शिकतं, साठवत थोडंच? ओळ बाहेर कशी येईल?

आकडेमोड: येते. GPT-2 या भाषेच्या मॉडेलमधून संशोधकांनी खऱ्या माणसांची नावं, फोन नंबर बाहेर काढून दाखवले. त्यातला काही मजकूर शिकवणीच्या साठ्यात एकाच दस्तऐवजात होता. पुन्हा पुन्हा आलेला मजकूर तर जास्तच पक्का बसतो, आणि तुमच्याकडे प्रत्येक फॉलोअपला जुनी हिस्टरी कॉपी होत असणार. उद्या पेशंटने संमती मागे घेतली तर फाइलमधली ओळ पुसता येते, शिकून झालेल्या मॉडेलमधून खात्रीने काढायची तर त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

केसपेपर: सूत्र लावलं. लहान गावांत जवळपास सगळीकडे 1. जुनी फाइल देत नाही, असं दिरांनी कळवलं. नवीन पेशंटसाठी मराठीत वेगळा कागद करतेय, त्यावर "नाही म्हटलं तरी उपचार होतील" ही ओळ ठळक. जे वारले त्यांच्या नोंदींचं काय करायचं?

कोर्टकचेरी: आपल्यामागे हक्क वापरायला पेशंट दुसऱ्या कोणाला नेमू शकतो, अशी तरतूद आहे. पण नेमणूकच केली नसेल तर त्यांच्या वतीने हो कोणी म्हणायचं, हे मला त्या कायद्यात स्पष्ट दिसत नाही. मी असतो तर त्या नोंदी बाजूला ठेवल्या असत्या.

आकडेमोड: मुलगी आशा सेविका असेल तर ती नोंद तिचीही आहे. ती तर हयात आहे.