२५ किलोची पाटी लावली, तरी १८ किलोच्या खोक्यांनी कंबर का जाते?

प्रसाद (शिफ्ट सुपरवायझर): आमच्या गोदामात 'एकट्याने २५ किलोपेक्षा जास्त उचलू नये' अशी पाटी आहे. खोकं १८ किलोचं, ४० सेंटिमीटर खोल, हात घालायला खाच नाही. पॅलेटवरून शेजारच्या कन्व्हेयरवर टाकायची, मिनिटाला साधारण तीन, दिवसभर. तीन महिन्यांत दोन मुलांच्या कंबरेत उसण भरली, दोघांच्याही तळाच्या थराशी. वरचे म्हणतात, मर्यादेच्या आत आहे, उचलायचं ट्रेनिंग द्या. मला पटत नाही, पण मुद्दा मांडता येत नाही.

बाळूकाका: बावीस वर्षं लोडिंग केलं, ५० किलोची पोती वाहिली. १८ किलोचं काय घेऊन बसलात! मुलं गुडघे न वाकवता कमरेतून वाकतात आणि झटका देऊन उचलतात. पाठ ताठ, गुडघे वाकलेले, दम सोडत सावकाश उचलायचं, एवढं शिकवा. वर कंबरेला पट्टा द्या. हेच औषध.

मेघना (कामाच्या जागांची तपासणी करते): काका, सावकाश आणि झटका न देता, हे शंभर टक्के बरोबर. पण पोतं तुमच्या पाठीवर दुसऱ्या कोणीतरी चढवलेलं असायचं आणि ते अंगाला चिकटून असायचं. खोकं अंगापासून लांब असतं, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

प्रसाद, अमेरिकेच्या NIOSH या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं १९९१ मध्ये सुधारलेलं उचलण्याचं गणित तुमच्या तळाच्या थराला लावून बघू. सुरुवात २३ किलोपासून होते, पण तो आकडा सगळं अनुकूल असेल तेव्हाचा. म्हणजे हात कंबरेच्या आसपास, ओझं अंगाशी, वळणं नाही, पकड चांगली, घाई नाही.

आता तळाचं खोकं. हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, आणि घोट्यांपासून पुढे सुमारे ४५ सेंटिमीटरवर. एवढ्या लांबीनेच २३ चे पावणेतेरा होतात. खालून कन्व्हेयरच्या ७५ सेंटिमीटर उंचीपर्यंत आणायचं म्हणून साडेनऊच्या आत. पॅलेट कन्व्हेयरला खेटून आहे, त्यामुळे पाय न हलवता कमरेतून वळणं होतं. ते ४५ अंश धरलं तर आठ. पकडीला खाच नाही, साडेसात. यात वेग अजून धरलाच नाही. मिनिटाला तीन आणि दिवसभर, तर उरतात चार किलो आणि थोडे ग्रॅम. तुमचं खोकं त्याच्या चौपटीहून जड आहे. वरिष्ठांना पाटी दाखवू नका, हे उतरतं गणित दाखवा.

बाळूकाका: ताई, चार किलो म्हणजे लहान पोरगंही उचलेल. असं गणित असेल तर जगातली सगळी गोदामं बंद करावी लागतील.

मेघना: एकदा उचलता येणं वेगळं, काका. इथे तासाला १८० वेळा उचलायचं आहे. हे गणित 'उचलेल का' असं विचारत नाही, रोज उचलत राहिलं तर बहुतेक निरोगी माणसांची कंबर टिकेल का, असं विचारतं.

आणि गुडघ्यांचं. वस्तू अरुंद असेल, दोन गुडघ्यांच्या मध्ये येत असेल, तर तुमची पद्धत उत्तम. रुंद खोक्याला बसून हात घातला की गुडघेच आडवे येतात आणि खोकं आणखी पुढे सरकतं. शिवाय दरवेळी स्वतःचं शरीरही उचलायचं. सकाळी शिकवलेलं पोरगं तासाभरात परत कमरेतून वाकतं, त्याला मी आळस म्हणणार नाही. मांड्या भरून येतात.

पट्ट्यावर NIOSHने दुकानांतल्या कामगारांचा मोठा अभ्यास केला होता, २००० साली तो छापून आला. पट्टा वापरणाऱ्यांची कंबर कमी दुखली असं दिसलं नाही.

संदीप: माझंही हेच झालंय, फक्त खोकी सहा किलोची. फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवताना खांद्यात कळ येते. इतक्या हलक्याने कसं?

मेघना: संदीप, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे कमरेपेक्षा खांदा दमतो, कारण हात वर धरून ठेवावा लागतो. ती खोकी छातीच्या उंचीच्या कप्प्यात आणा आणि वर क्वचित लागणारा माल ठेवा.

विनय (गोदाम व्यवस्थापक): मी वरिष्ठांच्या बाजूचा. सगळं खरं मानलं तरी पॅलेट कंबरेच्या उंचीला आणणाऱ्या लिफ्ट टेबलची मंजुरी एका दिवसात येत नाही, माल मात्र उद्याच येतो. मी दोघांना मिळून उचलायला लावतो. नाहीतर पॅलेटखाली दोन रिकामे पॅलेट घालतो. बिनखर्चाचं काम.

मेघना: दोघांचं बळ दुप्पट होत नाही, दोघांच्या बेरजेचं साधारण दोन तृतीयांश धरतात. मिनिटाला तीनच्या वेगाला ते जमणारही नाही. रिकामे पॅलेट तळाच्या थराला मदत करतात, पण वरचा थर खांद्याच्या वर जातो. तुमच्याकडे हाय लिफ्ट पॅलेट ट्रक असेल तर तोच वापरा: वरचे थर जमिनीवर ठेवूनच उतरवा, खालचे दोन राहिले की पॅलेट वर उचला.

त्याआधी बिनखर्चाच्या दोन गोष्टी. पॅलेट कन्व्हेयरपासून एक पाऊल मागे ओढा. जागा नसली की माणूस कमरेतून वळतो, पाऊल टाकावं लागलं की पाय आपोआप वळतात. दुसरं, पलीकडच्या कडेची खोकी पॅलेटवरून ओणवं होऊन घेऊ देऊ नका. हात ६३ सेंटिमीटरच्या पुढे गेला की या गणितात उत्तर शून्य येतं. पॅलेटभोवती फिरायला वाट ठेवा. खोकं आधी कडेपर्यंत ओढायचं, पोटाशी शर्टाला घासेल इतकं जवळ घ्यायचं, मग उचलायचं.

विनय: एक पाऊल मागे म्हणजे तासाला १८० जास्तीची पावलं. माझा वेग पडतो, आणि त्याचा जाब मला विचारतात.

मेघना: पडेल, ते मी नाकारत नाही. पण हाच वेग पकडून ठेवला तर पॅलेट कंबरेच्या उंचीवर आणून, वळण काढून, हात ४० सेंटिमीटरवर आणूनही आठ किलोच बसतात. तासाभराने माणूस बदलला आणि मधला किमान तेवढाच वेळ त्याला उचलायचं काम दिलं नाही, तर साडेबारा बसतात. १८ तरीही जास्तच आहेत. चौपटीवरून दीडपटीच्या आत आलो, एवढंच. पुढे एकतर खोकं हलकं करायला हवं, नाहीतर हवेच्या ओढीने खोकं उचलणारा व्हॅक्यूम लिफ्टर.

प्रसाद: आज टेप घेऊन मोजलं. पलीकडच्या कडेच्या खोक्याला हात ७४ सेंटिमीटरपर्यंत जातो. दोघांपैकी एकाची कंबर तिथेच धरली होती, हे आता कळलं. पॅलेट मागे ओढला, वाट मोकळी केली. मुलं पहिल्या दोन पॅलेटला कुरकुरली, तिसऱ्यापासून नाही. खोकं लहान करायचं पुरवठादाराशी बोलणं वरिष्ठांच्या हातात आहे, ते अजून 'बघू' म्हणतात.

बाळूकाका: फिरायची वाट मात्र पटली. पट्ट्याचं नाही पटलं, मला त्याने बरं वाटायचं.

विनय: तासाने माणूस बदलायला दुसरा माणूस लागतो. तो कुठून आणायचा, ते कोणी सांगितलं नाही.