मदत हवी आहे: शंभर वर्षांतला बदल आणि सातत्य १५० शब्दांत कसं बसवायचं?

पेठेतली_अभ्यासिका
मुख्य परीक्षेची तयारी करतेय, मुक्काम सदाशिव पेठ. टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न आला होता: ‘१७७५ ते १८७५ या काळात दख्खनच्या जमीन महसूल व्यवस्थेत काय बदलले व काय टिकले, स्पष्ट करा.’ १० गुण, १५० शब्द. मी पेशवाई आणि इंग्रजी अंमल असे दोन रकाने करून मुद्दे लिहिले. शेरा आला, ‘तुलना आहे, स्पष्टीकरण नाही.’ मग एवढ्या जागेत स्पष्टीकरण कसं मावतं? आणि सातत्याला किती ओळी द्यायच्या?

ओंकार_पुन्हा_एकदा
सोपंय. १८१८ ला रेघ मार. आधी धान्यात वसुली, नंतर रोख वसुली आणि रयतवारी. शेवटी ‘पाटील-कुलकर्णी टिकले’ अशी एक ओळ टाक. झालं उत्तर.

जुने_मास्तर
ओंकार, रयतवारीचं बरोबर आहे, रेघ मात्र चुकीच्या जागी पडली. देशावर पेशवाईतही सारा बराचसा रोखच भरला जायचा. सावकार गावात होता तो त्यामुळेच. आणि १८१८ नंतर एल्फिन्स्टनने जुनी घडी फारशी मोडली नाही. पुढे प्रिंगलने मोजणी केली. निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशोब. कागदावर चोख, पण तो झेपेना म्हणून शेतं पडीक पडली. खरा सांधा १८३६ चा, आपल्या इंदापुरातला. गोल्डस्मिड आणि विंगेटने दर उतरवले आणि ३० वर्षांसाठी बांधून दिले.

आता ताई, तुमचं उत्तर. रकाने सोडा, एकच प्रश्न धरा: सारा भरण्याची जबाबदारी कुणाची? १७७५ मध्ये ती गावाची होती. कमाविसदार पाटलाशी आकडा ठरवायचा, पाऊस गेला तर पाटीलच सूट मागायला उभा राहायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने जाऊ लागल्या आणि मक्तेदाराला सूट परवडेना. म्हणजे इंग्रज यायच्या आधीच ही ढाल पातळ झाली होती. १८३६ नंतर जबाबदारी एकेका सर्व्हे नंबरच्या खातेदाराची झाली. पाटील तोच, वसुलीही तोच करतो, पण घासाघीस करायला त्याच्या हातात काही उरलं नाही.

‘पाटील टिकला’ एवढ्यावर थांबलात तर नोंद होते. त्याच्याशिवाय खेड्यातून स्वस्तात वसुली करणं सरकारला जमणार नव्हतं म्हणून टिकला, हे लिहिलंत की स्पष्टीकरण होतं.

वतनाचा_वारस
पण वतनं तर १९५० च्या कायद्यानंतर गेली, मग १८७५ ला पाटील होता यात नवल काय? आमच्याकडे कुलकर्णी वतन होतं. जुनी सनद कुठे मिळेल, कुणी सांगेल का?

जुने_मास्तर
सनदेसाठी वेगळा धागा काढा हो. पेशवे दफ्तराचे रुमाल पुणे पुराभिलेखागारात आहेत. जाताना मोडी वाचणारं कुणीतरी सोबत न्या.

पेठेतली_अभ्यासिका
मास्तर, मधला भाग असा लिहिलाय, बघाल का?

‘सावकार शतकभर टिकला, कारण सारा रोख भरावा लागे. मात्र नव्या मोजणीने खातेदाराला जमीन गहाण टाकण्याची व विकण्याची मोकळीक मिळाली आणि दिवाणी न्यायालय कर्जखतावरून हुकूमनामा देऊ लागले. पूर्वी सावकाराची नजर पिकावर होती, आता ती जमिनीवर गेली. १८७५ मध्ये सुप्यात जमावाने कर्जखते जाळली, ती यामुळे.’

जुने_मास्तर
छान. शेवटचं वाक्य जरा सैल करा. यामुळेच जाळली असं नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडला होता आणि ३० वर्षांची मुदत सरल्यावर इंदापूरसारख्या तालुक्यांत साराही वाढला होता. ‘याचाही त्यात वाटा होता’ लिहा, तेवढ्याच शब्दांत बसेल. सातत्याला वेगळा परिच्छेद नको, ते बदलाच्या वाक्यातच आलंय.

ओंकार_पुन्हा_एकदा
मला हे पटत नाही. तपासणारा प्रत्येक वहीला दोन मिनिटं देतो. ‘सातत्य’ हा शब्द अधोरेखित दिसला नाही तर गुण कापेल. आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा शेवटी घालायचा की नाही?

जुने_मास्तर
अधोरेखित खुशाल करा. १८७९ मात्र प्रश्नाच्या बाहेर आहे. सरकारलाही जमीन सावकाराकडे जाणं खटकलं, एवढं दाखवायला अर्धी ओळ चालेल, पण त्यासाठी इंदापूर गाळू नका.

पेठेतली_अभ्यासिका
इंदापूर ठेवते, प्रिंगल गाळते. आत्ता १६२ शब्द झालेत.

ओंकार_पुन्हा_एकदा
प्रिंगल गाळलास तर १८१८ नंतर १८ वर्षं काय चाललं होतं, ते कसं कळणार?