लीगल कागदावरची नोटीस ९×४ च्या लिफाफ्यात बसेल का? मदत हवी आहे

राजवाडाकर (इंदूर): नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेची नोटीस सभासदांना टपालाने पाठवायची आहे. मजकूर मोठा असल्याने लीगल आकाराचे दोन कागद झालेत, सोबत ए-५ आकाराचं एक संमतिपत्र. कपाटात ९×४ इंची लिफाफे भरपूर पडून आहेत, मंडळाचं नाव छापलेले. दुकानदार म्हणतो ११×५ चे नवे घ्या. जुने वापरता आले तर मंडळाचा खर्च वाचेल. आधी माप काढून ठरवायचं तर कसं?

लष्करकर (ग्वाल्हेर): लीगल म्हणजे साडेआठ बाय चौदा इंच. पत्राची घडी तीन पदरी असते, म्हणून चौदाला तीनने भागा. पावणेपाचाला थोडं कमी येतं. चार इंची लिफाफ्याचा प्रश्नच नाही, १०×४½ सुद्धा तोकडा पडेल. दुकानदार बरोबर सांगतोय, ११×५ घ्या.

छापखानेवाला (इंदूर): लष्करकर, भागाकार बरोबर आहे, पण घडी तीन पदरीच का धरायची? चार पदरी केली की उंची साडेतीन इंच होते, म्हणजे ८९ मिलिमीटर. ९×४ चा लिफाफा साधारण २२९ बाय १०२ मिलिमीटर असतो.

आता जाडी धरा. गठ्ठा जेवढा जाड, तेवढा लिफाफा लांबीतही कमी पडतो आणि उंचीतही, कारण कागदाला गठ्ठ्याच्या कडेला वळसा घालावा लागतो. तुमचे दोन लीगल चार पदरी, म्हणजे आठ थर. संमतिपत्र आडवं धरून एकदा दुमडलं की २१० बाय ७४ होतं, त्याचे दोन थर. दहा थर दाबून मोजले तर एखादा मिलिमीटर भरतील, पण घडीपाशी कागद फुगतो, म्हणून चार धरा. उंची ९३ झाली, लांबी २१६ अधिक चार, म्हणजे २२०. लांबीत आणि उंचीत मिळून प्रत्येकी नऊ मिलिमीटर उरतात. आतल्या चिकटपट्टीत थोडी जागा जाते, तरी पुरेसं आहे.

आणखी एक कारण आहे, वजन. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ७० जीएसएमचा लीगल कागद साधारण साडेपाच ग्रॅम भरतो. दोन कागद आणि संमतिपत्र मिळून तेरा. छोटा लिफाफा पाचेक ग्रॅमचा, म्हणजे एकूण अठरा. ११×५ चा जाड खाकी घेतलात तर वीसच्या पलीकडे जाऊ शकतं, मग प्रत्येक पत्रावर जास्त तिकीट. सगळं भरून, चिकटवून एक नमुना सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवून बघा.

मांडवीकर (वडोदरा): माझाही प्रश्न असाच आहे. मुलीचं पदवी प्रमाणपत्र ए-४ आहे, जाड कागदावर. कुरिअरने पाठवायचंय. घडी कशी घालू? १२×१० चा लिफाफा आणलाय.

छापखानेवाला (इंदूर): ताई, त्याला घडी अजिबात नको. ए-४ ची लांबी २९७, १२ इंच म्हणजे ३०५. नुसता कागद जाईल, पण प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलात तर कोपरे अडकतील. १४×१० घ्या. आत पुठ्ठा लिफाफ्याच्या आतल्या मापाचा कापा आणि फोल्डर त्याला चिकटपट्टीने लावा. मोठ्या लिफाफ्यात कागद सरकत राहतो आणि आपटून कोपरे मुडपतात, म्हणून पुठ्ठा हवाच.

मांडवीकर (वडोदरा): बरं झालं विचारलं. कुरिअरवाला घडी घाला म्हणत होता.

राजवाडाकर (इंदूर): छापखानेवाले दादा, एक नमुना करून पाहिला. ९×४ मध्ये गेला, झाकण नीट चिकटलं. पण वर्गणीचा क्यूआर कोड पहिल्या कागदावर तळापासून साडेतीन इंचांवर आहे आणि घडी नेमकी त्याच्यावरूनच जाते. फोनने वाचताना अडखळतोय.

छापखानेवाला (इंदूर): लेझर प्रिंट असेल तर घडीवर काळी पूड उडते आणि पांढरी रेघ दिसू लागते. चार पदरी घडी वरून साडेतीन, सात आणि साडेदहा इंचांवर येते, तेवढी जागा मोकळी ठेवा. कोड इंचभर वर किंवा खाली सरकवून पुन्हा छापा. सह्या आणि शिक्केही त्या रेषांवर नकोत. आणि दोन्ही कागद एकत्र धरून आधी मध्यावर, मग परत मध्यावर दुमडा.

लष्करकर (ग्वाल्हेर): इथे मी सहमत नाही. दोनदा मध्यावर दुमडलं की आतला कागद घडीपाशी चुरगळतो. पंख्यासारखी मागे-पुढे घडी घाला, गठ्ठा सपाट बसतो.

छापखानेवाला (इंदूर): सपाट बसतो खरा, पण सुट्या कडा लिफाफ्यात घालताना अडकतात. शंभर पत्रं भरायची असली की हात थकतो. एकाच पत्राला मीही पंख्याची घडी घालीन.

राजवाडाकर (इंदूर): कोड सरकवून प्रेसला पाठवतोय. घडी कोणती ते ठरायचंय, रविवारी दोन्ही प्रकारांनी थोडी थोडी पाकिटं भरून बघू.