सायकल 38 वेळा ‘सापडली’, पण या ‘वेळा’ला शब्द कोणता?

अनघा: एका जुन्या माहितीपटाचं 2 तासांचं फूटेज आहे, त्यात काय काय दिसतं त्याची सूची करतेय. दर 5 सेकंदांनी एक फ्रेम काढली आणि प्रत्येक फ्रेमवर वस्तू ओळखणारं डिटेक्शन मॉडेल चालवलं.

```
ffmpeg -i reel.mp4 -vf fps=1/5 f_%05d.jpg
```

1440 फ्रेम निघाल्या. सायकल हे लेबल 38 ओळींत आलं. मी सूचीत लिहिलं ‘सायकली : 38’ आणि वाचणाऱ्याने विचारलं, एवढ्या सायकली कुठे आहेत? खरंच नाहीयेत. मग 38 हा आकडा नेमका कशाचा, त्याला काय म्हणू? ‘नोंद’ चालेल का?

सुहास: नोंद नको, नोंद आपण करतो. इथे मशीनला काहीतरी आढळलंय, म्हणून ‘आढळ’. 38 आढळ. एक आढळ म्हणजे एका फ्रेममध्ये मॉडेलने वस्तूभोवती काढलेली एक चौकट, बस. त्या 38 ओळी वेळेप्रमाणे लावून बघ, लागोपाठ किती येतात ते कळेल.

अनघा: बघितलं. 31 ओळी एकाच शॉटमधल्या आहेत, भिंतीला टेकवलेली सायकल, समोर मुलाखत चाललीये अडीच मिनिटं. उरलेल्या 7 तीन वेगवेगळ्या ठिकाणी विखुरल्यात.

सुहास: म्हणजे 38 आढळ आणि 4 हजेऱ्या. सलग दिसत राहणं म्हणजे हजेरी, असे दोन शब्द वेगळे ठेव. आणि प्रत्यक्ष सायकली किती हे तिसरंच, कारण तीच सायकल नंतर परत आली असेल तर फ्रेमवरच्या डिटेक्शनला ते कळत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

विनय: ‘आढळ’ला माझा विरोध आहे. पक्ष्यांच्या पुस्तकांत ‘या पक्ष्याचा आढळ’ म्हणजे तो कुठल्या प्रदेशात मिळतो ते, तिथे आढळ मोजत नाहीत. ‘38 आढळ’ वाचताना अडखळायला होतं. आणि मुळात 5 सेकंदांचं अंतर ठेवलं तर 5 सेकंदांपेक्षा कमी दिसणारं काही सापडणारच नाही, ते पण सूचीत सांगायला हवं.

सुहास: सापडणारच नाही असं नाही हो. 2 सेकंद दिसलेली छत्री पाचातल्या दोन शक्यतांनी सापडते, म्हणजे नशिबावर. 5 सेकंद किंवा जास्त असेल तर एक तरी फ्रेम तिच्यावर पडतेच, मग मॉडेलने ओळखली तर ओळखली. म्हणून सूचीत ‘छत्री नाही’ लिहू नका, ‘आढळली नाही’ लिहा, इथे हे क्रियापद अगदी चपखल बसतं.

मेधा: माझं थोडं वेगळं आहे, घरट्यासमोर कॅमेरा लावलाय, 14 तासांचं फूटेज, दर 10 सेकंदांनी फ्रेम. पिल्लांना भरवायला पक्षी किती वेळा आला ते हवंय. आढळ 900 च्या वर आलेत, ते मोजून होईल ना?

सुहास: नाही होणार. पक्षी अंड्यांवर किंवा पिल्लांवर किती वेळ बसला ते छान निघेल, कारण एकूण फ्रेमपैकी ज्या भागात तो दिसतो साधारण तेवढाच वेळाचा भाग. पण भरवायला तो तीन-चार सेकंद येतो आणि जातो, त्यातल्या अर्ध्याहून जास्त फेऱ्या 10 सेकंदांच्या मधल्या फटीत निसटतात. फेऱ्यांसाठी दर सेकंदाला एक फ्रेम घ्या निदान.

मेधा: अच्छा, म्हणजे माझे 900 हे ‘वेळ’ आहेत, ‘फेऱ्या’ नाहीत. हे शब्दाने आधी कळलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

अनघा: एक अडचण. 412 आणि 414 मध्ये सायकल आहे, 413 मध्ये समोरून माणूस गेला म्हणून नाही. हजेरी तुटली का?

सुहास: मी एका फ्रेमची फट चालवून घेतो, दोन सलग फ्रेममध्ये नसेल तर नवी हजेरी. पण हा नियम सूचीच्या सुरुवातीला लिहून ठेव, नाहीतर दुसरा कोणी मोजेल तर त्याचे 4 चे 6 होतील. आणि जे लेबल एकाच फ्रेममध्ये येऊन गेलंय ते उघडून बघच, मला तिथेच जास्त चुका सापडल्यात. एकदा कंदिलाला फुलदाणी म्हटलं होतं, कारण मॉडेल ज्यावर शिकलंय त्या कोको चित्रसंचाच्या 80 लेबलांत कंदील नाहीच, मग मॉडेल जवळचं काहीतरी चिकटवतं.

विनय: आढळ-हजेरी हा भेद पटला, शब्द अजून पटत नाही. ‘दर्शन’ नको, त्याचा अर्थ भलतीकडे जातो. ‘खूण’ कसं वाटतं? चौकट काढून खूण केली.

अनघा: खूण माणसाने केल्यासारखी वाटते. सध्या आढळच लिहितेय. आता नवीन प्रश्न, मुलाखतीत मागे भिंतीवर एका माणसाचं पोस्टर आहे, मॉडेल दर फ्रेमला ‘माणूस’ म्हणतंय. पडद्यावर दिसतोय, पण हजर नाहीये. याची हजेरी लावू का?

मेधा: माझ्या घरट्याची सावली पण पक्षी म्हणून येते, मलाही हेच हवंय.

सुहास: पोस्टरला मी वेगळा रकाना करतो, ‘चित्रातला’. सावलीचं मला जमलेलं नाही.