समान, सामाईक, उद्देश, उद्दिष्ट : मारामारीच्या खटल्यात कुठला शब्द कुठे?

मेधा (दादर): गटानं केलेल्या गुन्ह्यांवरचा एक हिंदी लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘सामान्य आशय’ आणि ‘सामान्य उद्देश्य’ असे दोन शब्दप्रयोग आहेत. मी पहिल्याला ‘समान आशय’ आणि दुसऱ्याला ‘समान उद्देश’ लिहिलं. मसुदा एका वकीलबाईंना दाखवला, तर दुसऱ्या ठिकाणी त्यांनी लाल रेघ मारून लिहिलं, ‘इथे कलमच बदललं.’ उद्देश्यला उद्देश म्हटलं तर कलम कसं बदलतं? शब्दकोशात उद्देश, हेतू, इरादा, उद्दिष्ट हे सगळे एकमेकांच्या शेजारीच बसलेले दिसतात.

विश्वनाथ (गिरगाव): मेधाताई, उद्देश आणि उद्दिष्ट दोन्ही एकाच धातूतून आले आहेत. दिश् म्हणजे दाखवणं. त्यामुळे अर्थात फरक शोधण्यात वेळ घालवू नका. कायद्यातला फरक डोकी मोजण्याचा आहे. चारपर्यंत माणसं असली की जुन्या भारतीय दंड संहितेचं ३४ कलम, पाच झाली की १४९. चाळीस वर्षं वर्तमानपत्रं वाचतो आहे, बातमीत हेच असतं.

शर्वरी (वकील, फोर्ट): काका, दोन्ही कलमं एकानं केलेल्या गुन्ह्यासाठी गटातल्या बाकीच्यांनाही जबाबदार धरतात. १४९ ला किमान पाच जण लागतात, हे बरोबर. पण ३४ चारवर थांबत नाही. सहा जणांनी मिळून ठरवून केलं तरी ३४ लागू शकतं. (आता भारतीय न्याय संहितेत ते ३(५) आणि १९० झाले आहेत. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुनेच आकडे.)

मेधा, तुमची अडचण खरी आहे. हिंदीत ‘उद्देश्य’ १४९ ला आहे. मराठीत पोलीस आणि कोर्टातले लोक ‘समान उद्देश’ म्हणतात ते बहुतेक वेळा ३४ साठी, आणि १४९ साठी ‘समान उद्दिष्ट’. म्हणजे हिंदीतला उद्देश्य तसाच मराठीत उचलला की वाचणारा ३४ समजतो. तुमच्या वकीलबाईंची लाल रेघ त्यासाठीच असावी.

पण फरक कळायला शब्दांआधी मारामारी बघू. लालबागची एक गल्ली समजा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावण्यावरून बाचाबाची झाली. रात्री अकराला सहा मुलं त्या स्कूटरवाल्याला शोधत आली. चौघांच्या हातात क्रिकेटचे स्टंप, एकाच्या हातात पट्टा, सहाव्याच्या खिशात बटणाचा चाकू. ‘पाय मोडा त्याचे,’ असं ओरडत त्याला घेरलं. दोनेक मिनिटं मार चालला आणि मग सहाव्यानं चाकू काढून पोटात एकदा खुपसला. सगळे पळाले. माणूस गेला.

चाकूवाल्याचं आपण सोडून देऊ. प्रश्न बाकीच्या पाचांचा. खून त्यांच्या माथी येतो का?

३४ नं बघितलं तर विचारावं लागतं, की मारून टाकायचं हे सहा जणांच्या मनांत मिळून होतं का. आधीपासून असलंच पाहिजे असं नाही, जागेवरही जुळू शकतं. पण जुळलेलं पाहिजे. पाय मोडायचं जुळलं होतं, जिवे मारायचं जुळल्याचं या गोष्टीत कुठे दिसत नाही.

१४९ नं बघितलं तर प्रश्न दोन होतात. जमावाचं उद्दिष्टच खून होतं का? नाही. मग दुसरा : पाय मोडायच्या कामात असा खून घडण्याचा संभव आहे, हे त्यांना माहीत होतं का? इथे नुसतं माहीत असणं पुरतं, इच्छा लागत नाही. म्हणून १४९ चं जाळं मोठं आहे. आणि म्हणून सगळा खटला त्या चाकूभोवती फिरतो. निघण्याआधी चहाच्या टपरीवर त्यानं चाकू उघडून दाखवला होता का? वाटेत हातात होता की खिशात? भोसकल्यावर बाकीचे दचकून थांबले, की पडलेल्यावर स्टंप चालवतच राहिले? साक्षीदाराला मी हेच विचारते.

चाकू कुणालाच माहीत नव्हता असं निघालं, तर पाचांवर दंगा आणि मारहाणीचे गुन्हे राहतात, खून सहसा राहत नाही. गोव्याच्या एका खटल्यात कुंपण घालण्यावरून भांडण झालं, जमावातल्या एकानं सुरा काढला. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं सुरा न चालवलेल्या आरोपीवर १४९ मधून खून लावायला नकार दिला.

नितीन (निवृत्त फौजदार, परळ): मॅडमनी छान उलगडलं. आमच्या बाजूचा एक शब्द जोडतो. फिर्यादीत आम्ही लिहायचो, ‘गैरकायद्याची मंडळी जमवून, आपसात संगनमत करून...’ पाच जण दिसले की हात आपोआप तेच लिहायचा. ‘मंडळी’ इथे सत्यनारायणाला जमतात ती नव्हे, कायद्याच्या पुस्तकातला ‘बेकायदेशीर जमाव’. पण ‘संगनमत’ लिहिल्यानं अडचण व्हायची. भांडण नळावर अचानक पेटलेलं असायचं, आणि उलटतपासात वकील विचारायचे, संगनमत कुठे झालं, किती वाजता, कोण कोण होतं? फिर्यादीला उत्तर सुचायचं नाही. खरं तर १४९ ला संगनमत लागतच नाही, पण आम्हीच लिहून ठेवलेलं असायचं.

सुनील (भांडुप): माझा प्रश्न शब्दाचा नाही, पण विषय निघालाय म्हणून विचारतो. माझ्या भाच्याचं नाव अशाच एका केसमध्ये आहे. तो फक्त बाईकवर बसून होता, कुणाला हातही लावला नाही. आरोपपत्रात १४९ आहे. त्याच्या मनात मारायचा उद्देश नव्हता, मग उद्देशाचं कलम त्याला लागूच होत नाही ना?

शर्वरी: सुनीलभाऊ, इथेच शब्द माणसाला फसवतो. १४९ मध्ये भाच्याच्या मनातला उद्देश विचारत नाहीत. जमावाचं उद्दिष्ट काय होतं, तो त्या जमावाचा घटक होता का, आणि काय होऊ शकतं याची त्याला कल्पना होती का, हे विचारतात. हात लावला नाही एवढ्यानं सुटका होत नाही. १९६४ च्या मसल्ती खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं दोन्ही बाजू सांगितल्या आहेत : प्रत्येकानं वार केल्याचं दाखवावं लागत नाही, पण गाव जमा होतं तेव्हा नुसतं बघायला आलेलेही असतात, त्यांना यातून वेगळं काढायला हवं.

म्हणून बाईकवर बसून काय करत होता ते महत्त्वाचं. त्यांना घेऊन आला का? इंजिन चालू ठेवून थांबला आणि सगळ्यांना घेऊन निघाला का? की रस्त्यानं जाताना थांबला, सोडवायला गेला, १०० नंबरला फोन केला? फोनची नोंद, दुकानाचा सीसीटीव्ही, जे असेल ते वकिलांना लगेच द्या. फुटेज बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांनी पुसलं जातं. यापुढचं मी आरोपपत्र न वाचता बोलणार नाही.

सुनील: इंजिनचं मला माहीत नाही. विचारतो त्याला.

विश्वनाथ: शर्वरीबाई, पाचाच्या आकड्याबाबत माझं म्हणणं अजून शिल्लक आहे. सहापैकी दोघे निर्दोष सुटले तर? चारच उरले की.

शर्वरी: चांगलं विचारलंत. सुटलेले दोघे तिथे नव्हतेच असं ठरलं आणि दुसरे कुणी होते असंही सिद्ध झालं नाही, तर १४९ कोसळतं. मग चौघांसाठी ३४ बघावं लागतं, आणि तिथे पुन्हा मनं जुळली होती का ते दाखवावं लागतं. पण न ओळखलेले आणखी दोघे होते असं पुराव्यातून दिसलं, तर पाच पुरे. नितीनसाहेब ‘इतर दोन-तीन अनोळखी इसम’ लिहायचे ते इथे उपयोगी पडतं.

आता मेधाच्या प्रश्नाची दुसरी बाजू. मला वाटतं, नामापेक्षा विशेषण जास्त घोटाळा करतं. ‘समान’ म्हणजे सारखं. ‘सामाईक’ म्हणजे मिळून एकच, जशी सामाईक विहीर किंवा दोन घरांमधली सामाईक भिंत. माझी आणि तुमची विहीर सारखी असली म्हणजे ती सामाईक होत नाही.

१९४५ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, महबूब शाहच्या खटल्यात नेमका हाच फरक केला. सिंधू नदीवर बोरू तोडण्यावरून भांडण झालं. आपल्या माणसाला सोडवायला दोघे बंदुका घेऊन धावले. एकाच्या गोळीनं एक मेला, दुसऱ्याच्या गोळीनं दुसरा माणूस जखमी झाला. कोर्ट म्हणालं, इरादा सारखा असेल, पण दोघांचा मिळून एक होता हे दिसत नाही. ३४ मधून लागलेला खून टिकला नाही.

आणि १४९ बद्दल सुप्रीम कोर्टानं १९५६ साली बरोबर उलटं म्हटलं : आधी मनं जुळण्याची गरज नाही, प्रत्येकाच्या डोळ्यासमोर सारखंच उद्दिष्ट आहे, संख्या पाच किंवा जास्त आहे आणि ते जमाव म्हणून वागतात, एवढं पुरतं. म्हणून मी ३४ ला ‘सामाईक इरादा’ आणि १४९ ला ‘समान उद्दिष्ट’ लिहीन. पहिल्यात सामाईक हवंच, दुसऱ्यात सारखं असणं चालतं.

लालबागचंच बघा. त्याच गर्दीत शेजारच्या इमारतीतला एक मुलगा जुन्या वैरातून आला आणि त्यानंही त्याच माणसाच्या डोक्यात लादी घातली, सहा जणांना न सांगता, न ओळखता. इरादा सारखा, पण सामाईक नाही.

नितीन: पण तो त्यांच्यात घुसून मारत होता, म्हणजे त्याच मंडळीचा घटक धरता येईल का?

शर्वरी: सरकारी पक्ष नक्की तसं म्हणेल. त्यांच्याबरोबर मिळून वागला की स्वतःचा हिशेब चुकता करून निघून गेला, यावर ते जाईल. मी त्याची वकील असते तर जमावाचा घटक नव्हता असं लढले असते. निकाल काय लागेल ते आता सांगता येत नाही.

विश्वनाथ: ‘सामाईक’ पटलं. ‘इरादा’ मात्र मला जड वाटतो. ‘उद्देश’ मराठीत रुळलेला शब्द आहे, त्याला कलमाबाहेर का काढता?

मेधा: काका, कारण माझा वाचक हिंदी लेखही वाचणार आहे. त्याला तिथे उद्देश्य १४९ ला दिसेल आणि माझ्याकडे उद्देश ३४ ला. म्हणून ३४ ला ‘सामाईक इरादा’ आणि १४९ ला ‘समान उद्दिष्ट’ घेते. ‘संगनमत’ दोन ठिकाणी वापरला होता, तो काढते. नितीनकाका, ‘गैरकायद्याची मंडळी’ मात्र फिर्यादीच्या उताऱ्यात तशीच ठेवू ना?

नितीन: ठेवा. तिथे ‘जमाव’ लिहिलंत तर ती आमची फिर्याद वाटणार नाही.